लाल दोऱ्याच्या बरण्या

कल्हईवाला आला नाही, तरी माधवरावांनी दुकानासाठी करवंदाचा मोरंबा तांब्याच्या पातेल्यातच शिजवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. उघड्या तांब्याला आंबट लागलं की पदार्थ कळकतो, हे लोणावळ्यातल्या लहान पोरालाही ठाऊक. पण बरण्या बंगल्यांत पोचल्यावर एका बिऱ्हाडात सगळे ओकू लागले, तेव्हा ते माधवरावांनाही आठवलं.

सूचना लिहायला ते बायकोसमोर, चंद्रिकेसमोर बसले.

"'नाजूक प्रकृतीच्या व्यक्तींस किंचित मळमळ संभवते', कसं वाटतं?"

"ते लोक मळमळत नव्हते हो, ओकत होते. आणि कुठल्या बरण्या, ते लिहा."

मग नीट लिहिलं गेलं: अक्षय्य तृतीयेनंतर विकलेल्या, झाकणाच्या फडक्याला लाल दोरा बांधलेल्या बरण्या. मोरंब्यात तांब्याचा अंश उतरला आहे. उलट्या व पोटात कळा येतात. पुन्हा उकळून दोष जात नाही. खाल्ला असल्यास डॉक्टरांस दाखवावे. बरणी उघडलेली असली तरी परत आणावी, पैसे मिळतील.

"आणि परत आणणं जमत नसेल तर ओतून टाका, कुणालाही देऊ नका," चंद्रिका म्हणाली.

"आपला माल गटारात? दुकानाची अब्रू राहील का? 'सेवन करू नये' यात सगळं आलं."

नवऱ्याच्या अब्रूपुढे तिने ते वाक्य सोडून दिलं.

कागद छापून त्याच दिवशी घरोघर गेले. दुसऱ्या दिवशी दुपार टळली, तरी एकही बरणी परत आली नाही. माधवरावांना हे शुभलक्षण वाटलं. चंद्रिका मात्र चपला घालून तुंगार्लीच्या बंगल्यांकडे गेली.

पहिल्याच बंगल्यातल्या अरुंधतीबाई हसतमुखाने पुढे आल्या. "अगं, वाचली ना सूचना! आम्ही बोटसुद्धा लावलं नाही. पण अन्न टाकवतं का? आमच्या कामवाल्या शालूबाईच्या नातवाचं बारसं आहे आज. तिला देऊन टाकली. शेजारच्यांनीही दिल्या."

"सगळ्यांनी?"

"हो! गरिबांची पंगत गोड झाली."

चंद्रिका पदर खोचून उतारावरून पळत सुटली. शालूबाईच्या दारातल्या मांडवात पानं मांडली होती आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात काळसर-जांभळा मोरंबा चकाकत होता.

"हात लावू नका! कुणी खाऊ नका!"

वाढपी थबकले. शालूबाई धावत आली. "काय झालं वं बाई? इख हाय व्हय त्याच्यात?"

"कळकलाय मोरंबा. अजून कुणी खाल्ला नाही ना?"

शालूबाईने मांडवामागे बोट दाखवलं.

"ही दुसरी पंगत हाय, बाई. पयल्या पंगतीला आमी पोरंच बसवतो."

मांडवामागून कुणाचं तरी मूल रडायला लागलं. मग दुसरं.