चार तासांचा माल

दुकान म्हणायचं, पण गिऱ्हाइकाला आत यायला बंदी. मोबाइलवर ऑर्डर पडायची, आतली माणसं मांडण्यांतून वस्तू वेचून पिशवी भरायची, आणि मागच्या दारी उभा असलेला दुचाकीवाला ती घेऊन पळायचा. दहा मिनिटांत घरपोच, हा कंपनीचा शब्द. त्यातली साडेतीन मिनिटं नुसती पिशवी भरण्यातच जात होती, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

या दुकानाच्या प्रमुख बाईला सगळे वहिनी म्हणत, कारण अधूनमधून कमी पडलेला माल आणणारा टेम्पोवाला तिचा सख्खा दीर होता. त्याचं ऐकून सगळ्यांचीच ती वहिनी झाली. या नोकरीआधी ती सासऱ्यांच्या किराणा दुकानात पंधरा वर्षं गल्ल्यावर बसलेली. ते दुकान चाललं नाही, शेवटी बंद पडलं.

आणि आता हेही बंद पडणार होतं. विभागाचे साहेब, ज्यांना सगळे पाठीमागे 'टक्के' म्हणत कारण त्यांचं प्रत्येक वाक्य टक्क्यांनी सुरू व्हायचं, ते येऊन स्पष्ट सांगून गेले होते. "पंधरा दिवस देतो. दुसऱ्या शनिवारी दिवसभराची सरासरी दोन मिनिटांच्या आत, आणि मागवलेल्या शंभरात दोनपेक्षा जास्त वस्तू 'नाही' निघता कामा नयेत. नाहीतर इथल्या ऑर्डरी शेजारच्या दोन दुकानांना वाटून टाकू." चौदा माणसं होती. त्यांचं काय करायचं, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

साहेबांचा उपाय होता, आणखी सहाशे वस्तू ठेवा. वहिनीलाही आधी ते पटलं. सासरे म्हणायचे, गिऱ्हाईक कधी रिकाम्या हाती जाता कामा नये. पण त्या रात्री तिने विक्रीची यादी काढली आणि डोक्याला हात लावला. अठ्ठावीसशे वस्तूंपैकी सातशे अशा होत्या, ज्या आठवड्यात एकदाही हलल्या नव्हत्या. नऊ तऱ्हेचे बूटपॉलिश! आणि दूध, पाव, अंडी, पाणी मात्र शेवटच्या रांगेत, दिवसातून शंभर वेळा पळायला लावत. सगळी मांडणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी केलेली, साबणाशेजारी साबण, आणि इथे तर गिऱ्हाइकाचे डोळेच नव्हते.

"सातशे वस्तू काढून टाकायच्या," तिने सकाळी साहेबांना फोनवर सांगितलं.

"वहिनी, मी वाढवायला सांगतोय!"

"साहेब, पंधरा दिवस दिलेत ना? मग मला माझ्या पद्धतीने मरू द्या."

साहेब हसले, बहुधा नाइलाजाने, आणि हो म्हणाले.

मग झालं काम सुरू. सर्वांत जास्त खपणाऱ्या दोनशे वस्तू पिशवी बांधायच्या टेबलापासून आठ पावलांच्या आत आल्या. जड पाण्याच्या बाटल्या कमरेच्या उंचीवर, हलके कागदी रुमाल डोक्यावर. एकाच रंगाची दोन शाम्पूंची पाकिटं मुद्दाम लांब लांब ठेवली, म्हणजे घाईत चुकीचं हातात येणार नाही. प्रत्येक कप्प्याचा नवा पत्ता यंत्रात चढवला, कारण तो चुकला तर वेचणारीच्या हातातलं यंत्र तिला भलत्याच रांगेत नाचवत बसे.

वेचणाऱ्यांत सर्वांत चपळ मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. तिनेच चौथ्या दिवशी वहिनीची चूक पकडली.

"वहिनी, तुम्ही वाढदिवसाच्या मेणबत्त्या काढल्यात ना? आज तीन जणांनी अख्खी ऑर्डर रद्द केली. केक, बिस्किटं, शीतपेय, फुगे सगळंच. मेणबत्तीच नाही तर बाकीचं इथून कशाला घेतील?"

वहिनीने त्या तिन्ही ऑर्डरी उघडून पाहिल्या. मेणबत्ती एकटी खपत नव्हती, पण तिच्या मागून अख्खी पिशवी जात होती. हे यादीत कुठे दिसणार? सासरे मात्र असली एकेक वस्तू बरणीत राखून ठेवायचे, तेव्हा ती त्यांना हसायची. आता तिला खरोखरच लाज वाटली. तिने तशा चाळीस वस्तू शोधून परत आणल्या.

राहिला माल भरण्याचा प्रश्न. आधी मोठा ट्रक दिवसातून दोनदा यायचा, त्यातला दुसरा नेमका संध्याकाळी सहाला, ऑर्डरींच्या ऐन गर्दीत. भरणारे आणि वेचणारे एकाच बोळात एकमेकांवर आपटायचे. वहिनीने ट्रक बंद करून दिराचा छोटा टेम्पो लावला. सकाळी सात, अकरा, दोन, साडेचार आणि रात्री आठ, अशा पाच खेपा. दुकानात कधीही चार तासांपेक्षा जास्त माल नको.

"चार तासांचा माल? वहिनी, टेम्पो पंक्चर झाला तर?" दिराने विचारलं.

"तर तुम्ही तो खांद्यावर आणाल, भावजी."

दिरानेच मग एक युक्ती काढली. मोठ्या गोदामात माल मिळेल तसा चढवायचे आणि इथे उतरवून निवडत बसायचे. आता जो कप्पा आधी भरायचा, त्याचे क्रेट टेम्पोत शेवटी चढवायचे. दार उघडलं की मांडणीच्या क्रमाने माल हाती. पाऊण तासाचं भरणं बारा मिनिटांवर आलं, नवी तारीख मागे आणि जुनी पुढे ठेवूनसुद्धा.

शनिवार उजाडला. साहेब सकाळपासून खुर्ची टाकून पडद्यासमोर बसले. चार वाजेपर्यंत सरासरी एक मिनिट पन्नास. वहिनीचा जीव जरा भांड्यात पडला. आणि पावणेसहाला जवळपासची मोठी जलवाहिनी फुटली.

सगळ्या इमारतींचे नळ एकदम कोरडे. ऑर्डरींची घंटा वाजायची थांबेना, प्रत्येकीत पाणी, कुणाला वीस बाटल्या, कुणाला तीस. शिल्लक एकशे सत्तर बाटल्या, जेमतेम वीस मिनिटं पुरतील. पुढची खेप आठला.

"मोबाइलवरच्या यादीतून पाणी बंद करा, नाहीतर 'नाही'चे टक्के वाढतील," साहेब म्हणाले.

"बंद नाही करायचं. एका ऑर्डरला चारच बाटल्या, एवढी मर्यादा घाला. तुमच्या हातात आहे ते."

"वरून विचारावं लागेल..."

"विचारून होईपर्यंत बाटल्या संपतील!" पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. साहेबांनी मुकाट्याने मर्यादा घातली.

दिराला फोन गेला. तो गोदामातच होता. "फक्त पाणी, भावजी. बाकी काही चढवू नका." गोदाम पंधरा मिनिटांवर, चढवायला दहा.

भिंगरी बाटल्या वेचतच नव्हती, टेबलाशेजारच्या थप्पीतून चार-चार उचलून सरळ पिशवीत घालत होती. शंभर. साठ. तीस. वहिनी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. चौदा बाटल्या उरल्या असताना टेम्पो वळला. मांडणीवर ठेवायचा प्रश्नच नव्हता. दारापासून टेबलापर्यंत माणसांची साखळी लागली आणि खोके सरळ टेबलावर. साहेबांनी बाह्या सरसावून मध्येच जागा धरली होती.

पावणेसात वाजता पडद्यावर शेजारच्या दोन्ही दुकानांपुढे 'पाणी संपले' अशी लाल पट्टी आली. त्यांची पुढची भरती दुसऱ्या दिवशी पहाटे होती. त्यांच्या ऑर्डरी इकडे वळल्या, आणि इथून त्या सगळ्या पुऱ्या झाल्या.

अकराला दुकान बंद झालं. सरासरी एक मिनिट अठ्ठेचाळीस. 'नाही' निघालेल्या वस्तू शंभरात दीड.

साहेब घामाने भिजलेले होते. त्यांनी टक्के सांगितले नाहीत. "बंद होणार नाही," एवढंच म्हणाले. मग बाह्या खाली सोडत, "आणि वहिनी, सोमवारपासून शेजारची दोन्ही दुकानंही तुम्ही लावून द्या. मोडतोड कराल ती करा."

वहिनीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. एक दुकान तिने हातातून जाताना पाहिलं होतं, हे दुसरं तिने जाऊ दिलं नव्हतं. भिंगरीने तिला मिठी मारली, आणि बाकीच्या बाराजणांनी रिकाम्या क्रेटवर हात आपटत असा काही दणदणाट केला की वरच्या मजल्यावरचा कोणीतरी खिडकी उघडून ओरडला.

"ओरडू द्या त्याला," दीर म्हणाला, "आज त्याच्याही घरी पाणी आपणच पोचवलंय."