बुजवलेला खड्डा

शिंपीमास्तरांच्या बायकोची स्कूटर घराजवळच्या वळणावरच्या खड्ड्यात आदळली, पुढच्या चाकाची रिम वाकली आणि तिच्या गुडघ्याची वाटी फुटली. पलंगावर पडल्या पडल्या तिने नवऱ्याकडून एकच वचन घेतलं, "तिथे आता दुसरं कुणी पडता कामा नये."

मास्तरांनी अर्ज लिहिला. खड्डा टेपने मोजून, फोटो आणि डॉक्टरांचा दाखला जोडून. नगरपालिकेच्या आवक विभागातल्या बाईंनी शिक्का मारून पोच दिली. आठवडाभरात पाहणी होईल, म्हणाल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मास्तरांना काय माहीत नव्हतं? पण बाहेर करकचून ब्रेक लागला की त्यांची कात्री थांबायची आणि आतून बायको विचारायची, "कोण पडलं हो?" पाचव्या दिवशी त्यांना राहवेना. विटांचे तुकडे आणि माती आणून त्यांनी खड्डा स्वतःच भरून टाकला. भल्या माणसाचा भलेपणाच त्याला नडतो.

सातव्या दिवशी कनिष्ठ अभियंता येऊन गेले. उत्तर आलं, 'जागेवर खड्डा आढळला नाही. तक्रार निकाली.' त्यानंतर दोनच दिवसांत माती उडाली, विटांचे कोपरे वर आले आणि त्यांवरून दूधवाला घसरला. त्याचा हात मोडला. आपल्या विटेवरून. मास्तरांना त्या दिवशी घास गिळवेना.

दुसरा अर्ज घेऊन ते थेट अभियंत्यांपुढे उभे राहिले आणि खड्डा आपणच बुजवला होता हे सांगून टाकलं.

"हात दाखवून अवलक्षण केलंत, मास्तर," अभियंता म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "उद्या येतो. पण खड्डा दिसू द्या. नसलेल्या खड्ड्याला मी डांबर कुठून मागू?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी पहार घेतली आणि बायकोचा गुडघा फोडणारा खड्डा पुन्हा उकरला. समोरचा औषधवाला म्हणाला, "डोकं फिरलं की काय तुमचं?" उघडा खड्डा सोडून जायचं कसं? मास्तर त्यातच उभे राहिले. गाड्या शिव्या घालत बाजूने जात होत्या.

अभियंता चार वाजता आले. माप घेतलं, फोटो काढला.

"डांबराची गाडी उद्या येईल."

"आणि तोवर, साहेब?"

"बॅरिकेडची मागणी पाठवतो. मिळायला वेळ लागतो."

"मग आजच्यापुरता बुजवून ठेवू?"

"बुजवलात तर गाडी तशीच परत जाईल. मागच्या वेळी काय झालं?"

ते गेले. ऊन उतरलं होतं. मास्तरांचे पाय भरून आले होते. खिशातला फोन वाजला.

"झालं का हो काम?" बायकोने विचारलं.

"झालं."

"मग या की घरी. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"येतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. वळणावरून एक स्कूटर भरधाव येत होती. त्यांनी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हात पसरून ते खड्ड्यात नीट उभे राहिले.