शून्य टक्के

हळदीचं बोट. न फिरणारा पंखा. तेरमध्ये कधीही जाणारी लाईट. पडद्यावर खड्ड्यात पडलेली राणी.

शौनकचं लक्ष मात्र राणीकडे नव्हतं. धाराशिवच्या त्याच्या घरात कॉम्प्युटरवर कॅरम चालू होता, आणि दसऱ्याआधी हौसेनं बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा ढिम्म. जळलं की काय? काम नसलं की पंखे थांबतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं गाडीचा गेम लावला. गाडी सुसाट. पंखा तसाच. टास्क मॅनेजर उघडला, तर कार्डाचं काम शून्य टक्के. सगळा भार प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर.

त्यानं कॉम्प्युटरचा डबा वळवला. पडद्याची केबल खालच्या, कार्डाच्या खाचेत नव्हतीच. वरच्या, मदरबोर्डाच्या खाचेत होती. खंडेनवमीला हळदीचं बोट लावून पूजायला डबा पाटावर ठेवला होता. पुन्हा वायरी लावताना त्याच्याच हातून गफलत झाली होती.

केबल खाली लावून त्यानं तोच गेम खेळला. कार्डाचा आकडा वर चढला, पंखा घरघरला. गाडी आधीइतकीच सुसाट.

आणि मैथिलीताई या क्षणी सिद्धारामच्या दुकानात नवा कॉम्प्युटर जोडून घेत होती. शौनकच्याच शब्दावर. दोन्ही बजेटात बसत नव्हतं, म्हणून लाईट गेल्यावर तगवणारा यूपीएस सोडून कार्ड. ताईच्या गावाला, तेरला, लाईट कधी जाईल याचा नेम नाही. तिच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावरच टाईप होणार.

त्यानं ताईला फोन लावला. वाजत राहिला. उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी त्यानं सिद्धारामला लावला.

"सिद्धाराम, ताईचं कार्ड बसवलं का?"

"खोकं फोडायलोच की. काय झालं?"

"थांब. तिला दे फोन."

"काय रे शौन्या, आता आणखी भारीतलं सांगतोस का?"

"ताई, कार्ड नको घेऊस. माझं दसऱ्यापासून बंदच होतं. मला कळलंच न्हाई."

"बंद? अन् परवा मला गाडी पळवून दाखवलीस ती?"

"ती कार्डाशिवाय पळत होती."

दुकानातला स्क्रूचा खळखळाट ऐकू आला.

"म्हणजे माझा कॅरम, तो गाडीचा गेम, सगळं चालंल?"

"चालंल. मोठे गेम असते तर कार्ड लागलं असतं. तू कुठं खेळतीस?"

"दाजींशी मी भांडले रे त्या कार्डापायी. यूपीएस घे म्हणत होते."

"मी सांगतो दाजींना."

"तूच सांग. माझ्यानं न्हाई व्हायचं." मग फोन तोंडापासून लांब धरून ती म्हणाली, "सिद्धाराम, ते खोकं ठेवा बाजूला. यूपीएस काढा."

फोन कट झाला. शौनकनं दाजींचा नंबर काढला, आणि अंगठा नावावरच अडला.

कार्ड आणण्याआधी शौनकनं तो गाडीचा गेम एकदाही चालवून पाहिला नव्हता; गाडी कार्डामुळेच पळते, असं तो धरून चालला होता.