रिकाम्या ताटांच्या रेघा

कामगारांच्या त्या दवाखान्याचं स्वयंपाकघर मी नऊ वर्षं सांभाळलं. शाळा दुसरीपर्यंतच, पण माझ्या, चतुराबाईच्या, हाताला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. वॉर्डातून ताटं परत आली की ज्यात उष्टं राहिलंय त्या प्रत्येक ताटामागे वहीत एक रेघ मारायची, एवढंच माझं लेखी काम. मी उष्टं आधी म्हशीच्या बादलीत ओतायची, मग दाखवायपुरत्या तीन-चार रेघा मारायची. माझं रांधलेलं माणसं टाकतात, हे वहीत कशाला?

एकशे ऐंशी खाटांचा आहार बघायला मृदुलाबाई एकट्या. एकोणऐंशी साली त्यांनी मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं.

"तीन महिन्यांत सहाशे बारा रुग्ण भरती झाले. वजन आणि दंडाचा घेर मोजून तपासणी झाली तीनशे अठ्ठ्याण्णवांची. त्यांत एकशे एक्केचाळीस कुपोषित. आठवड्याच्या आत फेरतपासणी फक्त सदतीस जणांची. बाकी एकशे चार रखडले. त्यांतले एकोणीस फेरतपासणीआधीच घरी गेले किंवा वारले. आणखी दोन आहारतज्ज्ञ मिळावेत."

खाली दाखला होता अकरा नंबरच्या खाटेचा. ज्योतीराम, ओतशाळेत वितळलेल्या लोखंडानं भाजलेला. पहिल्या दिवशी बावन्न किलो, सोळाव्या दिवशी चव्वेचाळीस.

"माणूस वाळत होता तवा तुम्ही कुठं होता, बाई?"

"दुसऱ्या वॉर्डात, चतुराबाई."

"मग आता दूध-अंडी वाढवा की!"

"वाढवलीत. आता त्याला गिळवत नाही."

आठ दिवसांनी सोपानरावांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका तेच बघत. टेबलावर माझी वही उघडी.

"बाई, तुमचे आकडे मोठे, पण ही वही बघा. दिवसाला तीन-चार रेघा. दवाखाना पोटभर जेवतोय, मग उपाशी कोण? चतुराबाईंच्या हाताला मानलं पाहिजे!"

मृदुलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. जन्मात पहिल्यांदा मला कौतुक नको झालं.

"वही खोटी हाय, साहेब. उष्टं मीच ओतून टाकते."

"कधीपासून?"

"आले तवापासून."

त्यांनी वही मिटली. "वर कळवलं तर तुमची नोकरी जाईल आणि बाईंना माणूस काही मिळणार नाही. नकार कालच टाइप झालाय."

जिन्यात मी म्हटलं, "शिव्या तरी द्या, बाई."

"वेळ नाही हो," म्हणून त्या वॉर्डात गेल्या.

त्या दुपारी मी बादलीला हात लावला नाही. सत्तेचाळीस रेघा मारल्या. अकरा नंबरची दोन्ही अंडी जशीच्या तशी आलेली.

चौथ्या दिवशी ज्योतीराम गेला. संध्याकाळी त्याच खाटेवर दुसरा माणूस आला. त्याला कुणी वजनकाट्यावर उभं केलं नाही. त्याचं अर्धं ताट परत आलं, मी रेघ मारली.

त्यानंतर ती वही कुणी मागितली नाही.