अक्षय्य तृतीयेचे नाणे

ब्रिटनमध्ये नवऱ्याकडे राहायला जाण्यासाठी मुक्ताला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. कुवेतमध्ये सालमियाच्या शाळेत ती नऊ वर्षे इंग्रजीच शिकवत होती. पण पदवी मराठीची. तेव्हा न्याहारीला आपण काय खातो हे तिने परीक्षकाला इंग्रजीत सांगितले आणि साम्राज्याचे समाधान झाले.

उरले उत्पन्न. व्हिसासाठी नवऱ्याला, संग्रामला, वर्षाला एकोणतीस हजार पौंड मिळायला हवेत, मिळतात सत्तावीस हजार. मुक्ताचा कुवेतमधला पगार धरला जात नाही. ही तूट भरून काढायला नियमाप्रमाणे एकवीस हजारांची बचत सलग सहा महिने खात्यात असावी लागते, आणि तिने त्यातूनच अक्षय्य तृतीयेला सोन्याचे नाणे घेतले होते.

"एकवीस हजारांच्या किती खाली गेली शिल्लक?" शेजारच्या योगिनीताईंनी विचारले. त्या एका बँकेत नोकरीला होत्या.

"चारशे पौंडांनी. आता सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. नाणं विकूनही उपयोग नाही."

"बचत तुझ्या एकटीचीच हवी?"

"दोघांची मिळून चालते. पण तो कसला साठवतोय."

"त्याला विचारलंस?"

विचारले नव्हते. तिने स्पीकरवर फोन लावला.

"सातशे आहेत," संग्राम अवघडून म्हणाला. "वर्षभर हात लावलेला नाही. तुझ्या विमानाच्या तिकिटासाठी ठेवलेत."

योगिनीताई हसल्या.

"मग तिकीट काढू नकोस," मुक्ता म्हणाली. "अर्ज जाईपर्यंत तरी. आणि खात्याचं स्टेटमेंट आजच पाठव."