लाकडातला आवाज

सिद्धलिंगप्पा बुवांचा गळा थकत चालला, तेव्हा भवानी पेठेतल्या मठाच्या मंडळींनी ठरवलं, की बुवांचं एक शिवकीर्तन तरी टेपवर धरून ठेवायचं. सत्त्याहत्तर सालची ही गोष्ट. डॉक्टरांनी बुवांना सांगून टाकलं होतं, एखादं कीर्तन करा आणि मग गप्प बसा. ज्या माणसाच्या तोंडून चाळीस वर्षं देवाचं नाव गावभर वाहिलं, त्याला गप्प बसा म्हणायचं. पण बुवा हसले नि म्हणाले, "एक तर एक. नीट करू की."

वीणेकरी अंथरुणाला खिळलेला. म्हणून बुवांमागे सूर धरायला पंचाक्षरी बसणार होता, गिटार घेऊन. पंचाक्षरी बुवांच्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता, तेव्हापासून मामाच्या घरातच वाढला. कीर्तनाच्या वाटेला मात्र गेला नाही. लग्नसराईत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मठातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, तर बुवाच म्हणाले, "तार तारच असती. वीणेची काय न् ह्याची काय."

रेकॉर्डिंगचं काम वीरभद्रप्पाकडे. त्याचं पेठेतच रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि पंचाक्षरीशी शाळेपासूनची दोस्ती. अडचण एकच होती. मठाच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग. त्यांची खडखड, त्यात मृदंग, बुवांच्या चिपळ्या. गिटारसमोर माइक ठेवला तर त्यात गिटार सोडून सगळं आलं असतं. बुवांचं तसं नव्हतं, त्यांच्या तोंडाशीच माइक राहणार होता. ऑर्केस्ट्राच्या मालकानं मुंबईहून रुपयाएवढी एक चकती आणलेली होती, ती पंचाक्षरी मागून घेऊन आला. गिटारच्या लाकडाला चिकटवायची. लाकूड थरथरलं की आतल्या क्रिस्टलमध्ये वीज उठते. हवेतलं तिला जवळजवळ काही कळत नाही, लाकडातलं तेवढं कळतं.

वीरभद्रप्पानं आधी एका जुन्या ट्रान्सफॉर्मरचीच डबी केली. चकतीची तार डबीत, डबीतून लांब केबल टेपरेकॉर्डरपर्यंत, म्हणजे वाटेत घरघर शिरत नाही. दुकानात वाजवून बघितलं तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजली.

"हे काय बे? रॉकेलच्या डब्याला तारा लावल्यात का मी?" पंचाक्षरी म्हणाला.

"थांब की. ग्रामोफोनच्या सुईतल्या क्रिस्टलचं बी असंच असतंय," वीरभद्रप्पा म्हणाला. "क्रिस्टलचा जीव लहान. त्याच्यावर जरा भार टाकला की खर्ज गिळून बसतं. ह्या ट्रान्सफॉर्मरनं त्याच्या पाठीवर पोतं ठेवलंय."

दोन दिवसांनी त्यानं दुसरी डबी आणली. हिच्यात नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर, जो क्रिस्टलकडून जवळपास काहीच ओढून घेत नाही, नुसता त्याचा निरोप पुढं पोचवतो. ट्रान्सफॉर्मर आता त्याच्या मागं, केबलच्या तोंडाशी. चकतीही त्यानं, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या अगदी खालून काढून जरा बाजूला, पोटाकडे, मेणानं चिकटवली. या वेळी पंचाक्षरीनं तार छेडली आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. लाकूड बोलत होतं. खर्ज पोटातून येत होता, बोटं तारेवर सरकलेलीसुद्धा कळत होती.

"आता कसं," वीरभद्रप्पा म्हणाला. "आता ह्यातनं काय सुटत न्हाय."

सोमवारी कीर्तन झालं. टेपवर दोन पट्टे. डाव्यावर बुवांचा माइक, उजव्यावर नुसती गिटार. बुवा नाचत, वळत, म्हणून वीरभद्रप्पानं डाव्या कानाला तेवढा हेडफोन लावला आणि उजवा कान मंडपासाठी उघडा ठेवला. गिटारचा मशीनवरचा काटा तेवढा बघत राहिला. बुवांनी त्या दिवशी आंधळ्या म्हातारीची कथा लावली. तिला स्वतःला उजेड दिसत नाही, पण रोज देवापुढं वात लावते, का तर देवाला मी दिसायला पाहिजे. बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. कीर्तन संपलं तेव्हा मंडळी पंचाक्षरीच्याही पाया पडायला आली. त्याला ते मनातून गोड वाटलं. इतकं चांगलं त्यानं कधी वाजवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीरभद्रप्पा मशीन घेऊन बुवांच्या घरी आला. बुवा भिंतीला टेकून बसले, शिवबाई मामी चुलीपुढचं काम टाकून दाराशी येऊन बसली. पंचाक्षरी मांडी घालून मशीनजवळ. कौतुक ऐकायला माणूस जसा बसतो तसा.

टेप सुरू झाली. डाव्या बाजूनं बुवा, उजव्या बाजूनं गिटार, जणू हाताच्या अंतरावर. मामी म्हणाली, "अगबाई, घरातच कीर्तन चाललंय की."

मग बुवांचा स्वर वर चढला, थोडा उतरला, आणि उजव्या बाजूनं, तारांच्या खालून, घोगरा, दाबलेला एक आवाज आला.

"घसरलं. परत घसरलं म्हातारं."

आवाज पंचाक्षरीचाच होता. त्याला एकदम सगळं उमगलं. ऑर्केस्ट्रात ड्रमच्या धडधडाटात स्वतःचीच गिटार ऐकू येत नाही, म्हणून तो हनुवटी गिटारच्या कडेवर टेकवायचा. लाकडातून जबड्यात, जबड्यातून कानात सूर पोचायचा. आणि तसं टेकल्या टेकल्या गाणाऱ्यांना पुटपुटत नावं ठेवायची त्याला खोड. कुणाला ऐकू जाणार? मठातही कुणाला ऐकू गेलं नव्हतं. पण लाकडातून जबड्यात सूर येतो, तसा जबड्यातून लाकडात शब्दही जातो. आणि चकतीला लाकडातलं सगळं कळतं.

वीरभद्रप्पाचा हात बटणाकडे गेला. बुवांनी डोळे न उघडता बोट वर केलं. चालू दे.

म्हातारीची कथा आली. बुवांचा आवाज भरला, ते थांबले. त्या थांबण्यात तो आवाज पुन्हा आला. "आता रडवतंय बघ बायकांना. उपरणं डोळ्याला." नि लगेच, एक उसासा टाकून: "ह्यांच्या भाकरीवर वाढलो न्हवं का, सोसायचं."

टेप फिरत होती, गिटार सुरेख वाजत होती. पंचाक्षरीला मामीकडे बघवेना. ती उठली आणि आत गेली. भांड्याचा आवाजसुद्धा झाला नाही, हेच त्याला जास्त लागलं.

टेप संपल्यावर बुवांनी वीरभद्रप्पाला विचारलं, "हे काढता येतंय का?"

"उजवा पट्टा पुसता येतोय बुवा. पण गिटार बी जाईल त्याच्याबरोबर. मग तुमचा गळा एकटा राहील, मागं सूर न्हाय."

"मंग पुन्हा वाजवून घालता येतंय?"

"येतंय. ह्या मशीनचं टेपला टेकणारं डोकं ऐकायला न् भरायला एकच हाय. डावीकडचं ऐकत उजवीकडं नवं भरता येतंय, सूर मागंपुढं होत न्हाय. जुनं मात्र जाईल कायमचं."

"श्रावणातल्या सोमवारी मठात लावायचीय," बुवा म्हणाले. मग पंचाक्षरीकडे वळले. तो डोकं खाली घालून बसला होता. "पंचा, माझा सूर कुटं घसरला, ते तुला कळलं की न्हाय?"

पंचाक्षरीनं मान हलवली.

"कळलं. मग मला का सांगितलं न्हाईस? मी आधी दोन महिने तालीम करत होतो तुझ्यासमोर. पट्टी खाली घ्या मामा, म्हणला असतास, तर घेतली असती." बुवांचा आवाज चढला नव्हता, चढतही नव्हता आता. "शिवी देवाच्या दारात द्यायला येती, आणि खरं घरात सांगायला लाज वाटती, असं कसं रे?"

"मामा, मी," एवढंच पंचाक्षरी बोलला.

"उद्या वाजव. बाकी मला काय ऐकायचं न्हाय."

भाकरीचं ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं पंचाक्षरीला रात्रभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरात मशीन मांडलं. मागांची खडखड होतीच, पोरं गल्लीत ओरडत होती. चकतीला त्याचं काही नव्हतं. वीरभद्रप्पानं नव्या डबीत नवी बॅटरी घातली, चकतीवरचं मेण दाबून बघितलं. नेहमी थट्टा करणारा माणूस, पण आज नुसतं म्हणाला, "हनुवटी वर ठेव." पंचाक्षरीनं मान ताठ केली. डाव्या कानाला हेडफोन, उजवा कान उघडा.

बटण दाबलं. आता मागची गिटार पुसली जात होती आणि तिच्या जागी नवी बसत होती. हेडफोनमध्ये नुसते मामा. काल त्यानं मामांना स्वतःच्या गिटारआडून ऐकलं होतं. आज एकटे ऐकताना कळलं, ते कुठं घसरतात. जिथं श्वास पुरत नाही तिथं. आणि उपरणं डोळ्याला लावायला म्हणून जे थांबणं त्याला ढोंग वाटलं होतं, त्यात श्वास ओढल्याची बारीक शीळ येत होती. माणूस धापा टाकत देवाचं नाव घेत होता, आणि तोंड लपवायला उपरणं घेत होता. पंचाक्षरी मामांच्या प्रत्येक उतरत्या सुराखाली आपला सूर धरत गेला, पडणाऱ्याच्या काखेत हात घालावा तसा.

मग म्हातारीची जागा आली. बुवा थांबले. आणि त्याच वेळी उघड्या कानात आतल्या चुलीपासून आवाज आला. थप, थप, थप. मामी भाकरी थापत होती. घरच्या तिघांच्या भाकऱ्या, रोजच्यासारख्या. त्याचीही त्यात होती.

पंचाक्षरीचा हात तारांवर तसाच थांबला. वाजेना. बुवांनी टेपवर कथा पुढं नेली, वात लागली, म्हातारी देवाला दिसली, आणि तो सगळा वेळ गिटार मुकी राहिली. गजर सुरू झाला तेव्हा कुठं बोटं हलली.

वीरभद्रप्पानं मशीन बंद केलं. "तितं हात राहिला तुझा. तेवढी जागा परत घेऊ?"

कोपऱ्यातून बुवा म्हणाले, "नको. तितं मी एकटाच बरा हाय."

जेवताना मामीनं भाकरी वाढली. दुसरी हवी का, असं रोजच्यासारखं विचारलं. पंचाक्षरी मान वर न करता "व्हय" म्हणाला. घास गिळताना त्याला लाकडाची चव आल्यासारखं वाटलं.

श्रावणातल्या सोमवारी मठात टेप लागली. बुवा पहिल्या रांगेत, हात जोडून, स्वतःच्याच कीर्तनाला श्रोता होऊन बसले. म्हातारीच्या कथेशी गिटार थांबली, सगळा मठ श्वास धरून ऐकत राहिला, आणि बायकांनी पदर डोळ्याला लावले. संपल्यावर मठाचे जुने भक्त ईश्वरप्पा, ज्यांनी आधी नाक मुरडलं होतं, उठून पंचाक्षरीजवळ आले. त्याच्या कपाळाला भस्म लावलं.

"पोरा, तितं थांबलास ते लई भारी. वाजवणारे पुष्कळ असत्यात. कुटं गप्प बसावं ते तुला तुझ्या मामानं शिकवलं."

पंचाक्षरीनं हात जोडले. मामीनं त्याच्याकडे बघितलं, मग बघायचं टाळलं. टेपवर त्या जागी आधी काय होतं ते त्या मठात चौघांनाच माहीत होतं. आणि भाकरीची थपथप मात्र चकतीला ऐकूच आली नव्हती. ती एकट्या पंचाक्षरीच्या कानात राहिली.