कवळी आणि न उमटलेली दुपार

सोमवारी सकाळी जावयाने सोफ्याच्या उशा तिसऱ्यांदा झटकल्या, तेव्हा त्याची बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. नवऱ्याने किती नाटकं केली याचा हिशेब ती बोटांवर ठेवत असावी, अशी तिची नजर होती.

"अहो, शेवटचं विचारते. आईची कवळी कुठे ठेवलीत?"

"खरंच आठवत नाही गं."

"तुम्ही झिंगून पडला होतात का? नाही. तुम्ही उभे होतात, बोलत होतात, आईच्या व्याह्यांना पान वाढत होतात. घरी आलात, कुलूप उघडलंत, पँट घडी करून ठेवलीत. जो माणूस पँटची घडी करतो, त्याला कवळी आठवत नाही?"

जावई धंद्याने कवळ्याच करायचा. दंतवैद्य मापं पाठवायचे, तो घराजवळच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या आपल्या छोट्या कार्यशाळेत दात बसवून परत पाठवायचा. लोक त्याला 'दातवाले' म्हणत. दातवाल्याच्या हातून सासूचेच दात हरवावेत, यावर आजूबाजूचे पुढची दोन वर्षं पोट धरून हसणार, हे त्याला दिसत होतं.

झालं ते इतकंच. मेव्हण्याचं लग्न बुधवारी. त्याआधी रविवारी दुपारी, कार्यशाळेच्या समोरच्याच हॉलमध्ये, दोन्ही घरचं जेवण. दातवाल्याने तातडीचं काम म्हणून सकाळपासून उपाशी पोटी घासकाम केलेलं. आला तो तहानलेला. मेव्हण्याने आग्रह केला, आणि पंचवीस मिनिटांत तीन पेले आत गेले. चौथा कोणी भरला ते त्याला माहीत नाही. तिसऱ्या पेल्यानंतर त्याच्या स्मरणात एकदम पडदा. पुन्हा उजाडलं ते संध्याकाळी सात वाजता, स्वतःच्या पलंगावर, समोर बायको आणि तिच्या हातात रिकामा चहाचा कप.

मधल्या साडेचार तासांत काय घडलं ते इतरांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावईबापू, डावीकडे हिरडी टोचते हो. आणि बोलताना दात वाजतात." दातवाल्याने रुबाबात हात पुढे केला होता, "द्या इकडे, आई. दहा मिनिटांत बघतो." त्यांनी रुमालात गुंडाळून कवळी दिली. तो हवा खायला म्हणून वीस मिनिटं बाहेर जाऊन आला. रुमाल आला, कवळी नाही.

आणि नवरीच्या वडिलांनी सांगितलेली वेगळीच गोष्ट: दातवाल्याने त्यांना बोकडाचा एक विनोद सांगितला. दहा मिनिटांनी पुन्हा सांगितला. मग परत. चौथ्यांदा सांगताना तोच सगळ्यात जोरात हसला. व्याही बिचारे सज्जन, चारही वेळा हसले.

आता सासूबाई आतल्या खोलीत पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. त्यांचा आवाज हवा सुटल्यासारखा येत होता, पण मुद्दा शाबूत होता.

"मी मांडवात येत नाही. नवऱ्या मुलाची आई बोळकं उघडून फोटो काढणार? नाही म्हणजे नाही. तुमचं तुम्ही उरका."

म्हणजे परवा मेव्हण्याच्या लग्नात त्याची आई नसणार, आणि ते दातवाल्याच्या खात्यावर जमा होणार. नवी कवळी दोन दिवसांत होत नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं: माप, वरखालच्या दातांचा चावा जुळवणं, मेणाचे दात लावून पाहणं, मग पक्की करणं, शेवटी घासून बसवणं.

"दाजी, माझं ऐका," मेव्हण्याने सोफ्यामागून डोकं काढलं. "कालसारखेच पुन्हा तीन पेले घ्या. मेंदू त्याच जागी जाईल, की आठवलंच!"

"तू लग्नाची तयारी कर," त्याची बहीण म्हणाली, "नाहीतर मी कालच्या बाटलीने तुलाही विसरायला लावते."

घरभर शोध झाला होता. दारुड्याने जिथे जिथे वस्तू टाकावी, त्या सगळ्या जागा: कुंडी, कचऱ्याची बादली, बुटांची जोडी, स्कूटरची डिकी. हॉलवाल्याकडून उष्ट्याचे तीन डबे उलथून झाले. दातवाल्याने कार्यशाळेतही टेबलाखाली रांगत जाऊन पाहिलं. कवळी नव्हती.

शेवटी बायकोने त्याला हाताला धरून कार्यशाळेच्या खालच्याच मजल्यावरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मागच्या पंधरा वर्षांत त्यांनी या घरातले ताप, कावीळ आणि एक मोडलेला अंगठा पाहिला होता. मेव्हणाही आला, कुतूहल आवरेना.

"बाई, हे खोटं बोलतात की नाही तेवढं सांगा."

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. दातवाल्याला दोन-चार प्रश्न विचारले: किती वेळात किती, पोटात काही होतं का, एकाच माणसाला तेच तेच बोलला का. शेवटच्या प्रश्नावर मेव्हण्याने बोकडाचा विनोद चार वेळा म्हणून दाखवला.

"खोटं बोलत नाहीत," बाई म्हणाल्या. "ब्लॅकआउट आहे. आणि बेशुद्धीचा याच्याशी काही संबंध नाही. बेशुद्ध माणूस झोपलेला असतो. हे जागे होते, बोलत होते, चालत होते. फक्त यांची नोंद होत नव्हती."

"नोंद म्हणजे?"

बाईंनी दातवाल्याकडे पाहिलं. "तुम्ही माप कसं घेता?"

"ट्रेमध्ये मऊ मसाला घालायचा, दातांवर दाबायचा, घट्ट व्हायची वाट बघायची."

"आणि घट्ट व्हायच्या आत काढला तर?"

"छाप पुसली जाते. राहतो नुसता लगदा."

"तेच झालं. मेंदूत आत हिपोकॅम्पस म्हणून एक भाग असतो. आत्ता जे घडतंय त्याची छाप पक्की करून ठेवणं, हे त्याचं काम. दारू रक्तात फार लवकर चढली की त्या पेशींमध्ये संदेश घेणारे जे दरवाजे असतात, त्यांतले काही ती अडवून धरते. मग पेशींची जोडणी पक्की होत नाही. दोन-तीन मिनिटं गोष्ट डोक्यात असते, म्हणून माणूस उत्तरं देतो, हसतो, वाढतो. पण त्या मिनिटांनंतर मागे काहीच उरत नाही. तो विनोद सांगितल्याचंही उरलं नाही, म्हणून त्यांना तो प्रत्येक वेळी नवाच वाटला."

बायकोच्या घडीतले हात सैल झाले. तरी ती लगेच हरणारी नव्हती. "पण घडी केलेली पँट?"

"वीस वर्षांची सवय जुन्या जागेत ठेवलेली असते, ती हिपोकॅम्पसच्या आजच्या कामावर अवलंबून नसते. दारूने हात डगमगतील, पण ती पुसली जात नाही."

"आणि पुन्हा पिऊन आठवेल का?" मेव्हणा.

"जे लिहिलंच नाही ते कोणत्या पेल्यात सापडणार? कधी कधी नोंद तुटक तुटक होते, तेव्हा आठवण करून दिली की तुकडे परत येतात. यांच्या साडेचार तासांतला एकही तुकडा नाही. ही पूर्ण पुसलेली पाटी. ती परत येत नाही." बाईंनी कागदावर पेन टेकवला. "आणि हे दारुड्यांनाच होतं असंही नाही. भरभर प्यायलं, पोट रिकामं ठेवलं, की कोणालाही होतं. पुढच्या वेळी नाही घेतलीत तर उत्तम. हा इशारा समजा."

दातवाल्याने मान खाली घातली. पण डॉक्टरबाईंच्या एका वाक्यावर त्याचं मन थबकलं होतं. सवय पुसली जात नाही. आणि घरच्यांनी सकाळपासून शोध कोणाच्या जागांवर घेतला? दारुड्याच्या. दारुडा तर जुनाच दातवाला होता, फक्त नोंदवही बंद केलेला.

"चला वर," तो बायकोला म्हणाला.

कार्यशाळेत त्याने तिला दाराबाहेर उभं केलं. तिच्या पिशवीतला साबणाचा चौकोनी तुकडा रुमालात गुंडाळायला लावला. "आता ये आणि म्हण, आईची कवळी टोचते. मी काही विचार करणार नाही."

"आईची कवळी टोचते," बायको शाळेतल्या नाटकातल्यासारखी म्हणाली.

दातवाल्याचे हात चालू लागले. दिवा. रुमाल सोडला. जंतू मारण्याच्या पाण्याच्या भांड्यात साबण टाकला. हात कपाटाकडे गेला, झाकणाचा निळा डबा काढला, आत ओला कापूस, त्यावर तो साबण. डब्याला चिठ्ठी. मग तो वळला, आणि डबा मांडणीच्या उजव्या टोकाला, सगळ्या डब्यांच्या मागे, ठेवायला गेला.

तिथे त्याला न आठवणारा एक निळा डबा आधीच होता.

ही मांडणी म्हणजे दातवाल्याचा धर्म. जे काम आधी आलं ते आधी. मंत्र्याचे दात असोत की मित्राचे, रांग सोडून पुढे नाही. डावीकडून एक एक उचलायचं, मागचे डबे उघडूनही पाहायचे नाहीत. सकाळी त्याने शोध घेतला होता तो टेबलाखाली. रांगेत हात घालायची त्याला कल्पनाही सुचली नव्हती. प्यायल्यावरही नियम मोडला नव्हता; सासूला अकराव्या नंबरावर उभं केलं होतं.

त्याने झाकण उघडलं. ओल्या कापसावर सासूबाईंचे दात, चकचकीत, जणू अजून काही बोलायचं बाकी आहे असे. चिठ्ठीवरचं अक्षर मात्र वाऱ्यावर वाळत घातल्यासारखं होतं.

बायकोने ती ओढून वाचली. "तक्रार: डावीकडे टोचते. बोलते फार, दात वाजतात. उंची थोडी कमी करावी."

"चाव्याची उंची गं! दात वाजतात म्हणजे वरखाली जास्त आपटतात, तांत्रिक आहे ते."

"'बोलते फार' तांत्रिक आहे?"

दातवाल्याने डबा घट्ट धरला आणि जिना उतरला. दहा डबे मागे टाकून, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने कोणाला रांगेतून पुढे काढलं. समोरच्या दंतवैद्याला घरी बोलावून सासूबाईंच्या तोंडात कवळी बसवली, रंगीत कागद चाववून आपटणारे बिंदू पाहिले, आतली टोचणारी कड घासली. हात आता स्थिर होते.

सासूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, जीभ फिरवली. मग "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं. आवाज नाही. चिठ्ठी तेवढ्यात मेव्हण्याने वाचून दाखवली होतीच.

सासूबाईंनी लेकाला आणि लेकीला खोलीबाहेर काढून दार लोटलं.

"काल कवळी घेताना तुम्ही मला एक गोष्ट म्हणालात, जावईबापू."

"काय म्हणालो, आई?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, ते तुम्हाला कधीच आठवणार नाही. खरं ना?"

"खरं. उमटलंच नाही."

"वाईट होतं की चांगलं, तेही माहीत नाही?"

"तेही नाही."

सासूबाई हसल्या. सगळे दात दिसतील असं, बिनआवाजी, बुधवारच्या फोटोसाठी अगदी योग्य.

"मग ते माझ्यापाशीच राहू दे," त्या म्हणाल्या, आणि साड्या काढायला उठल्या.

दातवाल्याने मागून विचारलं, "निदान अंदाज?"

"बुधवारी सरबत घ्या, पोटभर जेवा, आणि शहाण्यासारखं वागा. मग बघू."

बुधवारी त्याने तीन ताटं जेवली आणि सरबताचे पाच पेले घेतले. प्रत्येक पेला त्याला अजून आठवतो.